पालकांच्या मोबाइलमधल्या नऊ क्लिप आणि एक तराना

शाळेचं गॅदरिंग झालं की दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस पडतो. प्रत्येक अम्मीने, अब्बाने आपापल्या मुलाचा व्हिडिओ काढलेला असतो. त्यात स्पीकरचा आवाज फाटलेला, शेजारच्या काकूंच्या गप्पा, मध्येच कुणाचं तरी डोकं. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या उर्दू शाळेतही हेच व्हायचं. या वर्षी आम्ही ठरवलं की या तुकड्यांना जोडून एक नीट फिल्म करायची आणि आवाज मात्र स्टुडिओतला लावायचा. ते करताना जे शिकलो, ते इतर शाळांच्या शिक्षकांनाही कामी यावं म्हणून लिहीत आहोत.

स्टुडिओतला आवाज आमच्याकडे आधीच होता. 'सारे जहाँ से अच्छा' हा इक्बाल यांचा तराना चोवीस मुलांनी बसवला होता. शाळेकडे धड चालणारे माइक दोनच. म्हणून गॅदरिंगच्या पंधरा दिवस आधी मुलांना एका लहानशा स्टुडिओत नेऊन गाणं रेकॉर्ड केलं. स्टेजवर तेच रेकॉर्डिंग स्पीकरवर वाजलं आणि मुलं त्याच्याबरोबर गायली. इथेच आमचं काम सोपं झालं. स्टेजवर जे वाजलं तेच रेकॉर्डिंग चित्राखाली लावायचं असेल, तर लय आणि शब्द दोन्ही आधीपासून सारखे असतात.

जिवंत कार्यक्रमाची गोष्ट वेगळी. उद्या कोणी गिरडच्या दर्ग्यावर ऐकलेल्या कव्वालीच्या क्लिप घेऊन त्याच कव्वालाचं स्टुडिओ रेकॉर्डिंग त्यावर लावायला गेला, तर ते जुळणार नाही. मैफलीत कव्वाल एकच मिसरा पाच वेळा घेतो, मध्ये गिरह लावतो, लय वाढवतो. अशा वेळी एकेक ओळ वेगळी कापून जुळवावी लागते. जिथे ओठ दिसतात तिथे ते उघडं पडतंच, म्हणून ढोलक वाजवणारे हात, टाळ्या आणि श्रोते यांचीच दृश्यं जास्त वापरावी लागतात. २००९ मध्ये प्राग शहरात रेडिओहेड या इंग्रजी बँडच्या चाहत्यांनी गर्दीत उभं राहून कार्यक्रम चित्रित केला आणि पुढे पूर्ण फिल्म केली. पण बँडने त्यांना आवाज दिला तो त्याच कार्यक्रमाचा होता. दुसऱ्या दिवशीचा आवाज असता तर ते काम झालंच नसतं.

आधी क्लिप नीट गोळा करा

पहिली चूक आम्ही इथेच केली. पालकांना सांगितलं, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवा. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, चेहरे पुसट होतात. दुसऱ्यांदा सांगितलं की व्हिडिओ म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तेव्हा मूळ फाइल मिळाली. अशा नऊ क्लिप हाती आल्या. गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त एकाच क्लिपमध्ये होतं. एका मुलीचा कॉलेजात शिकणारा भाऊ मागच्या भिंतीजवळ खुर्चीवर उभा राहून, हात न हलवता शूट करत होता. पूर्ण स्टेज दिसत होतं. हीच आमची पायाची क्लिप ठरली. बाकीच्या आठ तिच्यावर रचायच्या.

मोबाइलच्या व्हिडिओत आणखी एक खोट असते. मोबाइल दर सेकंदाला बरोबर ३० चित्रं घेतोच असं नाही. उजेड कमी झाला की कधी २७, कधी २४ घेतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ३० धरून चालतं आणि चित्र हळूहळू आवाजापासून सरकतं. म्हणून प्रत्येक क्लिप आधी एकसारख्या वेगाची करून घ्यावी. आम्ही संगणकावर ही आज्ञा वापरली:

```
ffmpeg -i clip1.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -ar 48000 clip1_30.mp4
```

आवाजाला आवाज जुळवायचा

जुळवणी डोळ्याने करायची नसते, आवाजाने करायची असते. मोबाइलमधला आवाज कितीही फाटका असला तरी त्यात तेच गाणं आहे. Kdenlive हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आम्ही वापरलं. त्यात स्टुडिओच्या आवाजावर उजवं क्लिक करून Set Audio Reference म्हणायचं, मग प्रत्येक क्लिपवर Align Audio to Reference. ते आवाजाच्या लाटा ताडून क्लिप जागेवर बसवतं. सात क्लिप बसल्या. दोन बसल्या नाहीत, कारण त्यात गाण्यापेक्षा गप्पाच जास्त होत्या. त्या हाताने बसवल्या: ढोलकची एक ठळक थाप शोधली, दोन्हीकडे त्या थापेची उंच रेघ सापडली आणि रेघेखाली रेघ आणली.

आता गंमत बघा. पहिला शेर एकदम जुळला. दुसऱ्या शेरात काहीतरी खटकू लागलं आणि शेवटच्या शेरात तर मुलांचे ओठ आधी हलत होते, शब्द नंतर येत होते. आम्हाला वाटलं, मोबाइल खराब. पण असा घोळ एकाच क्लिपमध्ये असेल तर दोष त्या मोबाइलचा, आणि सगळ्या क्लिपमध्ये सारखाच असेल तर दोष वाजवण्यात. आमच्याकडे सगळ्या लांब क्लिपमध्ये सारखाच होता.

मग मोजलं. स्टुडिओच्या फाइलमध्ये ढोलकची पहिली थाप आणि शेवटची थाप यांत १९८ सेकंदांचं अंतर होतं. पायाच्या क्लिपमध्ये तेच अंतर १९६ सेकंद. म्हणजे स्टेजवर गाणं साधारण एक टक्का वेगाने वाजलं होतं. साउंडवाल्याच्या मशीनवर वेग कमी-जास्त करायची पट्टी असते, ती जराशी सरकलेली राहिली असणार. एक टक्का कानाला कळत नाही, सूरही किंचितच चढतो. पण साडेतीन मिनिटांत ते दोन सेकंद होतात आणि दोन सेकंद डोळ्याला लगेच कळतात.

उपाय सोपा निघाला. १९६ भागिले १९८ म्हणजे ०.९८९९. Kdenlive मध्ये Change Speed वर जाऊन प्रत्येक क्लिपचा वेग ९८.९९ टक्के केला आणि क्लिप पुन्हा जुळवल्या. आवाजाला हात लावला नाही. आवाज ओढला-ताणला तर मुलांचे गळे बिघडतात. चित्र एक टक्का संथ केल्याचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

तरीही मागच्या भिंतीजवळची क्लिप थोडी चुकतच होती. ओठ जरासे आधी. याचं कारण आपण आठवीला विज्ञानात शिकवतो तेच आहे. उजेड क्षणात पोहोचतो, आवाज सेकंदाला साधारण १,१२५ फूट चालतो. शंभर फूट मागे असलेल्या मोबाइलपर्यंत आवाज पोहोचायला सेकंदाचा अकरावा भाग लागतो. आपण त्या उशिरा आलेल्या आवाजावरून क्लिप बसवली, म्हणून चित्र तितकंच पुढे सरकलं. ढोबळ हिशेब असा की, स्पीकरपासून दर ३७ फुटांमागे एक फ्रेम. आम्ही ती क्लिप तीन फ्रेम उजवीकडे, म्हणजे उशिरा केली आणि ओठ बसले. स्टेजसमोरच्या सतरंजीवरून घेतलेल्या क्लिपना हे काही करावं लागलं नाही.

शेवटी सर्व मोबाइलचा आवाज बंद केला. तो स्टुडिओच्या आवाजाखाली थोडा जरी ठेवला तरी गाणं विहिरीत गायल्यासारखं घुमतं. फक्त सुरुवातीची कुजबुज आणि शेवटच्या टाळ्या एका क्लिपमधून घेतल्या. त्याशिवाय फिल्म मुकी वाटत होती.

कोण दिसलं, कोण राहिलं

एवढं झाल्यावर आम्ही फिल्म लावली आणि हजेरीपट घेऊन बसलो. चोवीस नावं. कोण किती सेकंद जवळून दिसतं ते लिहीत गेलो. आठ मुलं वीस-वीस सेकंद दिसत होती. कारण उघड आहे: त्यांच्या घरच्यांनी जवळून शूट केलं होतं. अकरा मुलं त्यांच्या शेजारी उभी होती म्हणून दिसली. पाच मुलं एकदाही जवळून नव्हती. त्यातली एक मागच्या रांगेत टोकाला उभी राहणारी मुलगी. स्टुडिओत सर्वांत आधी सूर तिनेच पकडला होता आणि फिल्ममध्ये तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. चेहरा कुठेच नव्हता. तिची अम्मी कापूस वेचायला जाते, त्या दिवशीही गेली होती. घरात साधा मोबाइल आहे.

पालकांच्या क्लिपमधून केलेल्या फिल्मचा हा मोठा दोष आहे. ज्याच्या घरी मोबाइल, त्याचं मूल दिसतं. मुद्दाम कोणी करत नाही, पण होतं तसंच.

इथे पायाची क्लिप कामी आली. ती फोर-के मध्ये घेतलेली होती. म्हणजे चित्र ३८४० बाय २१६०. आपली फिल्म १९२० बाय १०८०. त्यामुळे ते चित्र दुपटीने मोठं केलं तरी फाटत नाही. आम्ही त्या टोकाच्या चौकटीपुरतं चित्र मोठं केलं आणि तिच्या ओळीला तिला सहा सेकंद दिले. बाकीच्या चौघांनाही तसंच आणलं. दोघांसाठी तीन उभ्या क्लिप शेजारी-शेजारी ठेवल्या. उभी क्लिप आडवी कापली तर उंचीचा तिसरा हिस्साच उरतो. पण तीन उभ्या क्लिप एका आडव्या चौकटीत जवळजवळ नेमक्या बसतात.

एका वडिलांनी सांगितलं, आमच्या मुलीचा चेहरा इंटरनेटवर नको. म्हणून फिल्म यूट्यूबवर टाकली नाही, वर्गाच्या ग्रुपवरच दिली. तसंही इक्बाल यांचे १९०४ मधले शब्द आता सर्वांसाठी मोकळे आहेत आणि रेकॉर्डिंग आमचं. पण आपण सगळे जी चाल गातो ती पंडित रविशंकर यांची. ते २०१२ मध्ये वारले आणि चालीवरचा हक्क त्यानंतर साठ वर्षं राहतो. शाळेत पालकांसमोर गाणं वेगळं, जगासमोर टाकणं वेगळं. फिल्मच्या सुरुवातीला एक ओळही लिहिली: 'आवाज स्टुडिओतला, चित्र गॅदरिंगचं.' नाहीतर मुलं स्टेजवर इतकं स्वच्छ गायली असं बघणाऱ्याला वाटलं असतं आणि ते खरं नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही तीन गोष्टी आधीच करणार आहोत. गाणं सुरू होण्यापूर्वी स्टेजवर एक जोरदार टाळी वाजवायची, म्हणजे जुळवायला खूण मिळते. साउंडवाल्याला वेगाची पट्टी शून्यावर आहे का ते विचारायचं. आणि ज्या मुलांच्या घरून कोणी येणार नाही, त्यांची नावं दोन शिक्षकांमध्ये वाटून द्यायची. त्या शिक्षकांनी फक्त त्यांनाच शूट करायचं.