पासवर्ड नाही, एक ओळ मिळेल

सत्र परीक्षेचा निकाल जाहीर झाला की महाविद्यालयाच्या वेबसाइटचे काय होते, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. पान उघडत नाही, चाक नुसते फिरत राहते. तिकडे सर्व्हरवर निकाल दाखवणारा प्रोग्राम अडकलेला असतो आणि तो बंद करून पुन्हा सुरू केला की बहुतेक वेळा भागते. काम अर्ध्या मिनिटाचे, पण ते करायला सर्व्हरचे अधिकार लागतात. ते ज्याच्याकडे असतात तो सिस्टीम अ‍ॅडमिन नेमका त्याच वेळी दुसऱ्या इमारतीत नेटवर्कची वायर शोधत असतो. शेवटी परीक्षा विभागातून मेल जातो: ‘सर्व्हरचा रूट पासवर्ड आमच्याकडे द्या. प्रत्येक वेळी तुमची वाट बघणे परवडत नाही.’

महाविद्यालय इथे नमुन्यादाखल घेतले आहे, तांत्रिक तपशील मात्र खरे आहेत. मागणीही रास्तच आहे. तरी तिला नकार का द्यावा लागतो?

लिनक्स सर्व्हरवर ‘रूट’ म्हणजे ज्याला कुणी अडवत नाही असा वापरकर्ता. तो गुण बदलू शकतो, सगळा डेटाबेस पुसू शकतो आणि कुणी काय केले याची नोंदही खोडू शकतो. त्याचा पासवर्ड चार जणांकडे गेला की नोंदीत चौघांचे नाव एकच उरते: रूट. उद्या गुणांमध्ये फेरफार झाल्याची तक्रार आली, तर निर्दोष कर्मचाऱ्यालाही स्वतःचे निर्दोषत्व दाखवता येणार नाही.

यात कुणाच्या सचोटीवर शंका नसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतल्या अनुभवी अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरची डेटाबेसची फाइलगठडी रिकामी करायची होती. रात्री उशिरा, दमलेल्या अवस्थेत त्याने तो हुकूम मुख्य सर्व्हरवर दिला. सेकंद-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. कंपनीने हे सगळे स्वतःच जाहीर केले. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. ज्याच्या हाती अधिकार असणे योग्यच होते, त्याच्या हातून हे घडले.

आता अ‍ॅडमिनचे उत्तर बघू. चांगले उत्तर साधारण असे असते:

‘नमस्कार मॅडम, रूटचा पासवर्ड देता येणार नाही. पण निकालाच्या दिवशी तुम्हाला माझी वाट बघावी लागू नये, हे मलाही मान्य आहे. गेल्या सत्रातल्या तुमच्या तक्रारी काढून पाहिल्या. प्रत्येक वेळी फक्त निकालाचा प्रोग्राम पुन्हा सुरू करावा लागला होता. तेवढे काम तुमच्या विभागातल्या दोघांना आपापल्या लॉगिनने आणि आपापल्याच पासवर्डने करता येईल, अशी सोय आज संध्याकाळपर्यंत करतो. प्रोग्राम का अडकला हे कळावे म्हणून त्याची लॉग फाइल वाचायलाही मिळेल, बदलता येणार नाही. ही सोय ३० जूनपर्यंत राहील. दोनदा सुरू करूनही पान उघडले नाही, तर तिसऱ्यांदा करू नका, मला फोन करा. तेव्हा दुखणे दुसरीकडे असते. आणखी कोणते काम अडत असेल तर तेही कळवा.’

नुसते ‘धोरणात बसत नाही’ असे कळवून मोकळे होणारे अ‍ॅडमिन मी पुष्कळ पाहिले आहेत. अशा नकारानंतर लोक आडवाटा शोधतात, आणि पासवर्ड शेवटी कुणाच्या तरी वहीच्या मागच्या पानावर सापडतो. वरच्या उत्तरातली खरी मेहनत जुन्या तक्रारी काढून पाहण्यात आहे. मागितला होता अधिकार. गरज होती एका कामाची.

ही सोय sudo नावाच्या प्रोग्रामने होते. १९८० च्या सुमारास बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी अमेरिकेतल्या बफेलो इथल्या विद्यापीठात तो पहिल्यांदा लिहिला. कुणी, कोणाच्या नावाने, कोणता हुकूम चालवायचा याची यादी त्यात करता येते. आपल्या परीक्षा विभागासाठी एवढी एक ओळ पुरते:

```
%pariksha ALL=(root) NOTAFTER=20260630182959Z /usr/bin/systemctl restart nikal.service
```

`%pariksha` हा त्या दोघांचा गट. `NOTAFTER` ही मुदत. शेवटी `Z` असला की वेळ ग्रीनिचची धरली जाते, म्हणून ३० जूनची आपली मध्यरात्र तिथे १८:२९:५९ अशी दिसते. शेवटी पूर्ण हुकूम. प्रत्येक वापर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावाने नोंदला जातो.

ओळ छोटी आहे, पण ती बिघडवणे फार सोपे आहे. शेवटचे दोन शब्द गाळून नुसते `/usr/bin/systemctl` लिहिले, तर sudo त्यापुढे काहीही चालवू देतो. मग `systemctl edit` म्हटले की रूटच्या अधिकाराने संपादक उघडतो आणि दिलेला छोटा अधिकार पुन्हा पूर्ण रूट होऊन बसतो. लॉग वाचण्यासाठी `sudo less` देणे ही तर नेहमीची चूक. `less` मध्ये लॉग वाचता वाचता `!sh` टाइप केले की रूटची शेल हातात येते. म्हणून लॉगसाठी sudo वापरूच नये. त्या फाइलवर गटाला फक्त वाचनाची परवानगी द्यावी. ‘सगळे चालेल, फक्त शेल नको’ अशी उलटी यादी करण्याचा मोहही टाळावा, कारण शेलची प्रत दुसऱ्या नावाने ठेवली की ती बंदी कुचकामी ठरते.

एक गोष्ट मात्र अनुभवी अ‍ॅडमिनच्याही नजरेतून सुटते. पुन्हा सुरू होणारा प्रोग्राम जर रूटच्या नावाने चालत असेल आणि त्याची फाइल परीक्षा विभागाला बदलता येत असेल, तर हवे ते त्या फाइलमध्ये लिहून `restart` म्हणणे पुरेसे असते. त्यामुळे ओळ लिहिण्याआधी `nikal.service` ही फाइल आणि ती जे काही चालवते ते कोणाच्या मालकीचे आहे, हे तपासावे लागते.

ओळ `/etc/sudoers.d` या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात, आणि ती `visudo -f` नेच लिहितात, कारण व्याकरणाची चूक झाली तर ते जतन करण्याआधी सावध करते. फाइलच्या नावात टिंब चालत नाही. `nikal.conf` असे नाव दिले तर sudo ती फाइल गुपचूप वगळतो, आणि अ‍ॅडमिनला वाटते सोय झाली. खरेच झाली का, हे त्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनवर `sudo -l` चालवून दिसते. परवानगी मिळालेले हुकूम तिथे छापून येतात.

तरीही पहिल्या दिवशी एक फोन येतोच: ‘चालत नाही, परवानगी नाही म्हणतोय.’ बहुधा त्यांनी `sudo systemctl restart nikal` असे लिहिलेले असते. एरवी systemctl ला दोन्ही सारखेच, पण sudo अक्षर न् अक्षर जुळवून बघतो, त्यामुळे `.service` नसले की नकार. पूर्ण हुकूम कागदावर छापून टेबलाशी चिकटवून ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

या सोयीलाही मर्यादा आहे. डिस्क भरली किंवा डेटाबेसच बंद पडला, तर प्रोग्राम कितीही वेळा सुरू करा, उपयोग नाही, आणि ते दुरुस्त करायचे अधिकार परीक्षा विभागाकडे नसतात. त्या दिवशी अ‍ॅडमिनचा फोन लागलाच पाहिजे. रजेवर जाताना त्याने बदली माणसाचा नंबर द्यायला हवा. ३० जूनच्या मध्यरात्रीनंतर ती ओळ आपोआप निकामी होते. फाइल मात्र अ‍ॅडमिनला स्वतःच काढावी लागते.