पूर, वाळू आणि पुलाच्या पायाची खोली

नदीवरच्या पुलाच्या अहवालात ‘स्कोअर’ नावाचे एक प्रकरण असते. ते दोन-चार पानांचेच असते, पण पाया किती खोल न्यायचा हे त्यातच ठरते. पुराचे पाणी तळातली वाळू उचलून नेते आणि पात्राचा तळ खाली जातो, यालाच स्कोअर म्हणतात. पूल असो वा नसो, मोठ्या पुरात वाळूचे पात्र खोल होतेच. खांबांमुळे त्यात भर पडते. खांबाच्या प्रवाहाकडच्या तोंडावर आदळलेले पाणी खाली वळते, तळाशी त्याचा भोवरा होतो आणि खांबाला दोन्ही अंगांनी वेढत तो वाळू उकरत राहतो. म्हणून सर्वांत खोल खड्डा बहुधा खांबाच्या पुढच्या तोंडाशीच सापडतो.

अडचण अशी की हा खड्डा पुराच्या भरात सर्वांत खोल असतो आणि पूर ओसरू लागला की नदी तो पुन्हा भरून टाकते. जानेवारीत पात्रात उतरणाऱ्याला खांबाभोवती सपाट वाळूच दिसते. लोखंडी सळई खुपसली तर भरून आलेल्या ठिकाणी ती सहज आत जाते आणि मूळच्या घट्ट थराशी अडते. एवढाच माग उरतो. त्यामुळे नवा पूल बांधताना स्कोअर डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही, तो हिशेबाने काढावा लागतो. या हिशेबाला तीन गोष्टी लागतात: पुराचा विसर्ग, पात्राची रुंदी आणि तळाचा माल.

विसर्ग म्हणजे पुलाखालून दर सेकंदाला जाणारे पाणी, घनमीटरमध्ये. मोठ्या पुलासाठी साधारणपणे शंभर वर्षांतून एकदा येण्याजोगा पूर धरतात. नदीवर मोजणी केंद्र असेल आणि पुष्कळ वर्षांच्या नोंदी असतील तर काम सोपे होते. बहुतेक ठिकाणी तसे नसते. मग दोन-तीन वाटांनी आकडा काढून ते ताडून पाहतात. एक वाट म्हणजे पाणलोट क्षेत्रावरून काढायचे सूत्र. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांसाठी महाराष्ट्रात अजूनही सर क्लॉड इंग्लिस यांचे सूत्र वापरतात. दुसरी वाट प्रत्यक्ष जागेवरची. गावातले जुने लोक देवळाच्या पायरीवर किंवा घराच्या भिंतीवर पुराची खूण दाखवतात, तिची उंची मोजतात, पात्राचे छेद घेतात, नदीचा उतार काढतात आणि त्यावरून वेग व विसर्ग ठरवतात. दोन्ही आकडे जवळपास आले तर त्यांतला मोठा धरायचा. फारच तफावत असेल तर पुराची खूण चुकीची आहे की पाणलोटाचा नकाशा, हे आधी शोधावे लागते. अहवाल वाचणाऱ्याने हे पान सर्वांत बारकाईने पाहावे. पुढचे सगळे आकडे याच पानातून निघतात.

उदाहरणादाखल सह्याद्रीच्या पायथ्याची एक नदी घेऊ. पाणलोट क्षेत्र ४०० चौरस किलोमीटर. इंग्लिस यांच्या सूत्राने विसर्ग सेकंदाला सुमारे २,४५० घनमीटर येतो. समजा पुराच्या खुणेवरून काढलेला विसर्ग २,३०० आला, तर २,४५० धरायचा. पण पायासाठी एवढ्यावर थांबत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पायाविषयक संहितेत, म्हणजे आयआरसी-७८ मध्ये, पायाचा हिशेब वाढीव विसर्गावर करायला सांगितले आहे. लहान पाणलोटासाठी ही वाढ ३० टक्के, तर फार मोठ्या नद्यांसाठी १० टक्क्यांपर्यंत खाली येते. लहान पाणलोटावर एकाच वादळाचा पाऊस सगळीकडे एकदम पडू शकतो, म्हणून तिथे वाढ जास्त. या नदीसाठी विसर्ग झाला ३,१८५.

आता रुंदी. खांबांची जाडी वजा जाता पाण्याला १५० मीटर मोकळी जागा मिळते असे धरू. म्हणजे दर मीटर रुंदीतून सेकंदाला २१.२ घनमीटर पाणी जाणार. स्कोअर ठरतो तो या आकड्यावर, एकूण विसर्गावर नव्हे. पूल आखूड करून दोन्ही बाजूंना भराव टाकला की खर्च वाचतो, पण तेवढेच पाणी अरुंद वाटेने जाते आणि तळ जास्त खोल उकरते. वळणावरच्या नदीत पाणी एकाच काठाकडे रेटले जाते. तिथे सरासरी रुंदीने केलेला हिशेब त्या काठच्या खांबापुरता अपुरा पडतो.

तळाचा माल बोअर घेऊन तपासतात. वरवरची मूठभर वाळू चालत नाही, कारण पूर ज्या खोलीपर्यंत पोहोचणार तिथल्या मालाशी प्रश्न असतो. प्रत्येक खांबाच्या जागी थराथरातून नमुने काढून चाळण्यांवर चाळतात आणि कणांचा सरासरी व्यास मिलीमीटरमध्ये काढतात. त्या व्यासाच्या वर्गमुळाला १.७६ ने गुणले की ‘सिल्ट फॅक्टर’ मिळतो. आपल्या नदीत अर्ध्या मिलीमीटरची मध्यम वाळू आहे, तेव्हा हा आकडा १.२४.

या दोन आकड्यांतून सरासरी स्कोअर खोली काढायचे सूत्र जेराल्ड लेसी या सिंचन अभियंत्याच्या कामावर उभे आहे. उत्तर भारतातल्या कालव्यांच्या नोंदींवरून त्यांनी १९३० च्या सुमारास आपले नियम मांडले. भारतीय पुलांच्या अहवालात ते असे लिहिले जाते:

`dsm = 1.34 × (Db² / Ksf)^(1/3)`

यात `Db` म्हणजे दर मीटर रुंदीचा विसर्ग आणि `Ksf` म्हणजे सिल्ट फॅक्टर. आकडे घातले की उत्तर येते सुमारे ९.५५ मीटर. ही खोली तळापासून नव्हे, पूरपातळीपासून खाली मोजायची. नवखे वाचक इथेच हमखास चुकतात. खांबापाशी भोवऱ्यामुळे तळ आणखी खचतो, म्हणून तिथे दुप्पट धरतात, म्हणजे १९.१ मीटर. काठावरच्या अबटमेंटला सव्वापटीहून थोडे अधिक, म्हणजे १.२७ पट पुरते. पूरपातळी १०० आणि पात्राचा तळ ९१ मीटरवर असेल, तर खांबापाशी स्कोअर ८०.९ पर्यंत जाईल. आज कोरड्या दिसणाऱ्या वाळूखाली दहा मीटरहून अधिक माल पुरात निघून जाईल, असा याचा अर्थ.

सूत्र जरा उलटसुलट करून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. वाळूचा कण अर्ध्या मिलीमीटरऐवजी एक मिलीमीटरचा निघाला, तर खांबापाशचा स्कोअर १९.१ वरून १७ मीटरवर येतो. कण दुप्पट होऊनही फरक दोनच मीटरचा. ३० टक्के वाढ घ्यायची राहिली तर मात्र आकडा १६ मीटरवर येतो, म्हणजे तीन मीटरची तूट. प्रयोगशाळेतली छोटी चूक हे सूत्र पोटात घालते, पण विसर्गातली आणि रुंदीतली चूक घालत नाही. अनेक अहवालांत चाळणीचे तक्ते पानेच्या पाने जोडलेले असतात आणि पुराच्या खुणेवर एकच ओळ. खरे वजन उलट हवे.

स्कोअर पातळीवर पाया संपवून चालत नाही. पुरात भोवतीची वाळू गेल्यावरही पायाला धरून ठेवायला खाली न हललेला माल हवा. याला ‘ग्रिप’ म्हणजे पकड म्हणतात. विहिरीसारख्या खोल पायासाठी ती कमाल स्कोअर खोलीच्या एक तृतीयांश घेतात. आपल्या पुलात ती ६.४ मीटर येते आणि पायाचा तळ पूरपातळीखाली सुमारे २५.५ मीटरवर, म्हणजे पात्राच्या तळाखाली १६ मीटरहून खोल जातो. उथळ, उघडा पाया मातीत घ्यायचा तर तो कमाल स्कोअरखाली किमान दोन मीटर न्यावा लागतो. एवढे खोल खोदणे परवडत नाही, म्हणून वाळूच्या नद्यांत विहीर किंवा पाइल हेच पर्याय उरतात.

दख्खनच्या बऱ्याच नद्यांत मात्र काही मीटरवर काळा पाषाण लागतो आणि लेसींचे सूत्र निरुपयोगी होते. पाया कठीण खडकात किमान ०.६ मीटर, मऊ खडकात १.५ मीटर रुतवला की झाले. इथली जोखीम वेगळी असते. बोअर मोठ्या दगडगोट्यावर अडते आणि नोंदीत ‘खडक’ असे लिहिले जाते. झिजलेला, भेगाळलेला बेसॉल्ट कठीण समजला जातो. म्हणून बोअर खडक लागताच थांबवत नाहीत, खडकात पुढे नेतात आणि बाहेर आलेले तुकडे किती सलग आहेत ते पाहतात. दगडगोट्यांच्या किंवा चिकणमातीच्या पात्रातही हे सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही, कारण त्यामागचा सगळा अनुभव सुट्या वाळूचा आहे.

पाया उथळ ठेवून भोवती दगड रचायचा, हा मार्ग किती धोक्याचा आहे ते अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहॅरी क्रीकच्या पुलावर दिसले. १९५४ साली खुल्या झालेल्या या महामार्ग-पुलाचे खांब उथळ पायांवर होते. हिमनदीने आणून टाकलेल्या घट्ट मालावर ते टेकलेले होते आणि तो माल खरवडला जाणार नाही असे धरले होते. रक्षण होते ते भोवती टाकलेल्या दगडांचे. १९५५ चा मोठा पूर पुलाने सोसला, पण दगड हलले आणि पुढच्या वर्षांत ते पुरेसे पुन्हा भरले गेले नाहीत. ५ एप्रिल १९८७ च्या सकाळी, आधीच्या पुरापेक्षा लहान पुरात, एका खांबाखालचा माल निघून गेला. खांब कोसळला, त्याबरोबर दोन गाळे गेले आणि दहा जण मेले. तासा-दीड तासाने तिसरा गाळाही पडला. मोठा पूर झेलला म्हणून पूल पक्का, हा तर्क इथे साफ फसला. प्रत्येक पुराने थोडे थोडे संरक्षण नेले होते.

अहवाल मंजूर झाल्यावरही त्यातली स्कोअर पातळी कामाची राहते. पुलाच्या देखभालीत पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक खांबापाशी तळाची पातळी मोजून ती अहवालातल्या आकड्याशी ताडायची असते. त्यात खांबापाशचा खड्डा आणि एकूण पात्राचे खाली जाणे या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. वाळूउपशाने किंवा वरच्या धरणात गाळ अडल्याने पात्रच खोल गेले, तर तेवढ्याच विसर्गाची पूरपातळीही खाली येते आणि तिच्यापासून मोजलेला स्कोअर पायाच्या तळाकडे सरकतो. वरच्या उदाहरणात पूरपातळी दोन मीटर उतरली, तर ६.४ मीटरची पकड ४.४ वर येईल आणि संहितेला हवी ती मर्यादा मोडेल. अशा वेळी खांबाभोवती दगडांचा थर टाकण्याआधी नव्या पातळीवर हिशेब पुन्हा मांडतात, आणि पकड फारच घटली असेल तर पुराच्या दिवसांत वाहतूक रोखायची पाणीपातळी खांबावर रंगवून ठेवतात.