ताप साधा, पण गोळी थायरॉइडची

चौतीस वर्षांची एक महिला. वजन घटतेय, हात थरथरतात, छातीत धडधड होते म्हणून तपासणी केली आणि थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याचे निदान झाले. कार्बिमाझोलची रोज ३० मिलीग्रॅम मात्रा सुरू झाली. महिनाभरात धडधड थांबली. सहाव्या आठवड्यात मात्र अचानक घसा दुखू लागला आणि १०२ अंश ताप भरला. ‘व्हायरल असेल’ असे समजून तिने दोन दिवस पॅरासिटामॉल घेतले, थायरॉइडची गोळीही चालू ठेवली. हे उदाहरण नमुन्यादाखल असले, तरी असे रुग्ण जवळजवळ याच क्रमाने डॉक्टरांपुढे येतात.

तिसऱ्या दिवशी केलेल्या सीबीसीत पांढऱ्या पेशींची एकूण संख्या २,४०० निघाली. आकडा कमी आहे, पण घाबरवणारा वाटत नाही. खरी गोष्ट खालच्या ओळीत होती: न्यूट्रोफिल २ टक्के. २,४००चे २ टक्के म्हणजे ४८. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दोन ते सात हजार न्यूट्रोफिल असतात. ही संख्या ५००च्या खाली गेली की जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट मात्र ठीक होते. एकाच प्रकारच्या पेशी अशा नाहीशा होण्याला ‘अग्रॅन्युलोसायटोसिस’ म्हणतात.

न्यूट्रोफिल ही जिवाणूंवर सर्वांत आधी धावून जाणारी फौज. रक्तात या पेशी जेमतेम एखादा दिवस टिकतात, त्यामुळे अस्थिमज्जेला त्या रोज अब्जावधींच्या संख्येने नव्याने तयार कराव्या लागतात. काही मोजक्या लोकांत औषध किंवा त्यापासून शरीरात बनणारा पदार्थ या पेशींना चिकटतो. मग प्रतिकारशक्ती त्यांनाच परके समजून नष्ट करते, कधी मज्जेतल्या कोवळ्या पेशींनाही. पुरवठा तुटला की साठा काही दिवसांतच संपतो. म्हणूनच मागच्या आठवड्यातला चांगला रिपोर्ट या आठवड्याची हमी देत नाही आणि केवळ ठरावीक तारखांच्या तपासणीवर विसंबता येत नाही. ताप हाच इशारा असतो.

तोंडातून आणि घशातून जंतू सतत आत शिरत असतात, त्यामुळे पहिला घाव बहुधा तिथेच बसतो. गिळताना तीव्र वेदना होतात, तोंडात व्रण पडतात. मात्र पू फारसा दिसत नाही, कारण पू मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलचाच बनतो. पू नाही म्हणजे दुखणे किरकोळ, हा समज इथे घातक ठरतो.

कार्बिमाझोल, मेथिमाझोल आणि प्रोपिलथायोयुरासिल घेणाऱ्या दर हजारांपैकी साधारण दोन ते पाच जणांना हा त्रास होतो, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. औषध थांबवून काही काळाने पुन्हा सुरू केले तरी धोका नव्याने उभा राहतो. थायरॉइड कमी असलेले लोक घेतात ती थायरॉक्सिनची गोळी वेगळी. तिच्याशी याचा संबंध नाही. मानसिक आजारावरील क्लोझापिन आणि सांध्यांच्या आजारांवरील सल्फासॅलाझिन मात्र याच यादीत आहेत. त्यातही क्लोझापिन मनाने बंद न करता, ताप येताच डॉक्टरांना गाठणे योग्य.

थायरॉइड कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी सीबीसी करावी आणि डॉक्टरांना औषधाचे नाव सांगावे. रिपोर्ट येईपर्यंत एक-दोन मात्रा चुकल्याने बहुतेकांचे नुकसान होत नाही, कारण थायरॉइडचा मुख्य हार्मोन रक्तात कित्येक दिवस टिकतो. रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल पुरेसे असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू होते. ताप बहुतेक वेळा साधाच निघतो.

या महिलेची गोळी तत्काळ बंद झाली. रुग्णालयात दाखल करून शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली आणि मज्जेला चालना देणारी जी-सीएसएफची इंजेक्शने दिली गेली. नवव्या दिवशी न्यूट्रोफिल दीड हजारांवर पोहोचले. पण थायरॉइडचा प्रश्न शिल्लकच होता. एका गोळीने असे झाले तर तिच्या जोडीची दुसरी गोळीही देत नाहीत, कारण तीही तोच घात करू शकते. उरतात दोन मार्ग: किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया. तिने आयोडीन निवडले. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईत लिहिलेले आहे: ‘कार्बिमाझोल, मेथिमाझोल, प्रोपिलथायोयुरासिल देऊ नये.’