मीटर चालूच राहतं

सोसायटीच्या सभेचं लांबलचक इतिवृत्त टाकलं की दहा ओळींत सारांश देणारं एखादं ॲप घ्या. सारांश ते स्वतः करत नाही. मजकूर भाषा मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या एपीआयकडे पाठवतं आणि आलेलं उत्तर दाखवतं. बिल लागतं टोकनांवर, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांवर. त्यात मराठीला भुर्दंड जास्त, कारण तोच मजकूर देवनागरीत असला की इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन पडतात.

हिशेबापुरता दर धरू: दहा लाख टोकनांमागे पाठवलेल्या मजकुराचे ३०० रुपये, उत्तराचे १,५००. ३,००० टोकनांचं इतिवृत्त ९० पैशांना पडलं. उत्तराला `max_completion_tokens` लावून ८०० ची मर्यादा घातली, तर त्याचे फार तर १ रुपया २० पैसे. एकूण २ रुपये १०.

उत्तर तयार होईल तसं तुकड्यातुकड्यानं दाखवणं म्हणजे स्ट्रीमिंग. वाचणारा ताटकळत नाही, पण टाइमआउटचा अर्थ बदलतो. ओपनएआयच्या पायथन लायब्ररीत ठरावीक काही सांगितलं नाही तर टाइमआउट १० मिनिटांचा असतो, आणि कॉल फसला तर ती आपणहून आणखी दोनदा प्रयत्न करते. म्हणून हे हाताने ठरवावं:

```python
client = OpenAI(timeout=30, max_retries=0)
```

इथले ३० सेकंद पूर्ण उत्तराचे नव्हेत. दोन तुकड्यांमधल्या शांततेचे आहेत. रखडत का होईना तुकडे येत राहिले, तर हा टाइमआउट कधीच लागणार नाही. एकूण वेळेचं घड्याळ ॲपमध्ये वेगळं ठेवावं लागतं.

शून्य कशासाठी? लायब्ररीचे तीन प्रयत्न आणि वर ॲपचे स्वतःचे तीन, म्हणजे एका सारांशासाठी नऊ कॉल. ४२९ सांगून दारातच परत पाठवलेल्या कॉलचे सहसा पैसे लागत नाहीत. खरा फटका टाइमआउटचा: आपण फोन ठेवला तरी पलीकडे काम झालेलं असू शकतं. नऊही तसे गेले तर १८ रुपये ९०, आणि हातात सारांश नाही. तेव्हा पुन्हा प्रयत्न एकाच जागी करावा, तोही ४२९ किंवा ५०३ आल्यावर, `Retry-After` सांगेल तितकं थांबून. ते नसेल तर दर खेपेला थांबणं दुप्पट करावं आणि त्यात थोडा यदृच्छ फरक घालावा, नाहीतर सगळे वापरकर्ते एकाच क्षणी पुन्हा आदळतात. ४०० किंवा ४०१ आला तर चूक आपल्याच विनंतीत किंवा किल्लीत असते. तिथे पुन्हा पाठवून काही होत नाही. आणि निम्मा सारांश पडद्यावर आल्यावर स्ट्रीम तुटली, तर गुपचूप पुन्हा सुरू करू नये. वापरणाऱ्याला विचारावं.

खर्चाची मर्यादा कॉल झाल्यावर तपासून उपयोग नाही. कॉलआधीच दिवसाच्या ५०० रुपयांतून २ रुपये १० राखून ठेवायचे. तेवढे शिल्लक नसतील तर कॉलच करायचा नाही. ही तपासणी आणि राखणं डेटाबेसमध्ये एकाच व्यवहारात व्हायला हवं, नाहीतर शेवटच्या दोन रुपयांवर दहाजण एकदम हात टाकतात. स्ट्रीम संपल्यावर खऱ्या वापराचा आकडा येतो. ओपनएआयच्या चॅट कम्प्लिशन्समध्ये त्यासाठी `stream_options` मध्ये `include_usage` मागावं लागतं. मग उरलेले पैसे परत जमा करायचे. स्ट्रीम मध्येच तुटली तर तो आकडा येतच नाही. अशा वेळी राखलेली पूर्ण रक्कम खर्ची टाकावी.