पाचांतले तीन

६ ऑक्टोबर २००२. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात बेसबॉलचा निर्णायक सामना शेवटच्या, म्हणजे नवव्या डावात आला होता आणि यजमान ओकलंड अ‍ॅथलेटिक्स १-५ असे मागे होते. मार्क एलिसने होमरन मारला, एकदम तीन धावा आल्या, फरक एका धावेवर आला आणि तिथेच अडला. मिनेसोटा ट्विन्सनी पाच सामन्यांची मालिका ३-२ अशी खिशात टाकली.

ओकलंडचा हा तोच संघ, ज्याच्यावर पुढे ‘मनीबॉल’ हे पुस्तक आणि ब्रॅड पिटचा सिनेमा आला. त्या मोसमात त्यांनी १६२ पैकी १०३ सामने जिंकले होते, त्यांतले वीस तर सलग. बिली बीन या व्यवस्थापकाने आकडेमोडीच्या जोरावर कमी पैशांत बांधलेला हा संघ २००० ते २००३ अशी लागोपाठ चार वर्षं बाद फेरीत गेला आणि चारही वर्षं पाच सामन्यांच्या पहिल्याच मालिकेत, चारही वेळा २-३ असाच, हरला. चारही वेळा मोसमातली कामगिरी प्रतिस्पर्ध्यापेक्षा त्यांचीच सरस होती. एवढं घडलं की लोक मोठ्या सामन्यात कच खाण्याच्या गोष्टी करू लागतात. मला आधी एक साधा हिशेब करावासा वाटतो: २००२ची ती मालिका सुरू होण्याआधी ओकलंड ती जिंकण्याची शक्यता किती होती?

पहिली अडचण अशी की एका सामन्यातली शक्यता किती धरायची. ओकलंडने मोसमात ६३.६ टक्के सामने जिंकले, पण ते सगळ्या प्रकारच्या संघांविरुद्ध. समोर आलेला ट्विन्सचा संघही ५८.४ टक्के सामने जिंकून आला होता. बेसबॉलचे आकडेपंडित बिल जेम्स यांनी यासाठी एक सुटसुटीत रीत दिली आहे. समजा, दोन्ही संघ एखाद्या सर्वसाधारण संघाशी वेगवेगळे खेळले. ओकलंड जिंकून ट्विन्स हरण्याची शक्यता ०.६३६ गुणिले ०.४१६, म्हणजे ०.२६५. उलट घडण्याची शक्यता ०.५८४ गुणिले ०.३६४, म्हणजे ०.२१३. दोघेही जिंकले किंवा दोघेही हरले तर दोघांत बरं कोण ते कळत नाही, म्हणून त्या शक्यता बाजूला ठेवायच्या आणि उरलेल्यांत ओकलंडचा वाटा काढायचा. तो ०.२६५ भागिले ०.४७८, साधारण ५५ टक्के. १०३ विजयांचा दबदबा इथेच बराचसा विरघळतो. बाद फेरीत लिंबूटिंबू संघ येतच नाहीत.

आता मालिका. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आणि आधीच्या निकालाचा पुढच्यावर काही परिणाम नाही, असं धरू. तीन विजय झाले की मालिका संपते. ३-० असा विजय म्हणजे ०.५५ तीनदा गुणायचे: ०.१६६. ३-१ साठी तीन विजयांसोबत एक पराभव हवा, पण तो शेवटी असून चालत नाही, कारण शेवटचा सामना जिंकल्यावरच मालिका संपते. म्हणजे पराभव पहिल्या तीन सामन्यांपैकी एकात, तीनच प्रकारे. ३ × ०.१६६ × ०.४५ = ०.२२५. ३-२ साठी दोन पराभव पहिल्या चार सामन्यांत बसवायचे, त्याचे प्रकार सहा. ६ × ०.१६६ × ०.२०२५ = ०.२०२. तिन्ही मिळून ०.५९३. हा हिशेब पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच घसरतात. तीनऐवजी चार आणि सहाऐवजी दहा प्रकार धरतात, आणि दोन्ही संघांच्या शक्यतांची बेरीज शंभर टक्क्यांच्या पुढे गेली की डोकं खाजवत बसतात. ती बेरीज करून पाहणं हीच चुकीवरची सोपी तपासणी.

म्हणजे ओकलंडची मालिका जिंकण्याची शक्यता होती ५९ टक्के. दहातल्या चार वेळा हा संघ हरणारच होता, त्यासाठी कुणाचे पाय लटपटायची गरज नव्हती.

गंमत म्हणजे गणितात शक्यतेचा अभ्यास ज्या कोड्यावरून नावारूपाला आला, ते जवळजवळ हेच आहे. १६५४ मध्ये ब्लेझ पास्कल आणि पिअर द फर्मा यांच्यात पत्रव्यवहार झाला. दोन जुगारी खेळतायत, आधी तीन डाव जिंकेल तो सगळे पैसे नेणार. प्रत्येकाने ३२ पिस्तोल, म्हणजे सोन्याची नाणी, लावली आहेत. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मोडावा लागला. तर ६४ नाणी कशी वाटायची? पास्कलने उत्तर शेवटाकडून काढलं. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर सगळी ६४ त्याची. हरला तर २-२ बरोबरी, म्हणजे ३२. दोन्ही घडणं सारखंच शक्य, म्हणून मधला आकडा, ४८. दुसऱ्याला १६.

फर्माची वाट वेगळी होती. मालिका मध्येच संपली तरी उरलेले डाव खेळले गेले असं समजा आणि सगळे निकाल मोजा, असं तो म्हणाला. यावर रोबेर्व्हाल या गणितज्ञाने हरकत घेतली की जे डाव प्रत्यक्षात खेळलेच जाणार नाहीत ते मोजायचे कशाला? हरकत समजण्यासारखी आहे, पण चालणारी नाही. एकदा तुमचे तीन विजय झाले की उरलेल्या सामन्यांत काहीही झालं तरी पाचांतले तीन तुमचेच राहतात. त्यामुळे मालिका तिसऱ्या सामन्यात थांबवा किंवा पाचही खेळवा, विजेता तोच. क्रिकेटमध्ये ३-० झाल्यावरही चौथा आणि पाचवा टी-ट्वेंटी सामना होतोच, त्याने मालिका जिंकण्याची शक्यता तसूभरही बदलत नाही. फर्माच्या वाटेने मात्र दहा, पाच आणि एक हे प्रकार बरोबर ठरतात, आणि एक आटोपशीर सूत्र मिळतं. सामना जिंकण्याची शक्यता p असेल तर मालिका जिंकण्याची शक्यता

p³ × (10 − 15p + 6p²)

यात ०.६ घातले तर ६८ टक्के येतात, ०.७ घातले तर ८४, ०.८ घातले तर ९४. कसोटी मालिकेला मात्र हे सूत्र लावू नये, कारण तिथे सामना अनिर्णितही राहतो.

पास्कलची उलट्या वाटेची रीत ओकलंडच्या त्या मालिकेला लावली की आठवडाभराचा चढउतार आकड्यांत दिसतो. सुरुवात ५९ टक्क्यांवर. पहिला सामना घरच्या मैदानावर ५-७ असा गेला, शक्यता ३९ वर आली. दुसरा ९-१ असा एकतर्फी जिंकला, १-१ झाले आणि शक्यता ५७ च्या पुढे गेली. मिनियापोलिसमध्ये तिसरा ६-३ असा घेतला, २-१ झाले, ती थेट ८० वर. चौथ्यात ट्विन्सनी ११-२ अशी धूळ चारली आणि पुन्हा ५५. मग तो पाचवा सामना. सगळ्यात मोठी घसरण शेवटच्या पराभवात नव्हे तर चौथा आणि पाचवा मिळून झाली. ८० टक्क्यांवरून हरणं पाचात एकदा घडतंच.

आता या हिशेबाच्या मर्यादा. बेसबॉलमध्ये शक्यता रोज सारखी नसते. कोण पिचर सुरुवात करतो यावर बरंच ठरतं. त्या मालिकेत ओकलंडने टिम हडसनला पहिल्या आणि चौथ्या, मार्क मल्डरला दुसऱ्या आणि पाचव्या सामन्यात उतरवलं, तर बॅरी झिटो, त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरलेला, एकदाच खेळला. घरच्या मैदानाचाही थोडा फायदा असतो. मग पाचही सामन्यांना ५५ टक्के लावणं ढोबळ नाही का? करून पाहू. घरच्या तीन सामन्यांत ५९ टक्के, बाहेरच्या दोनांत ४९, म्हणजे सरासरी ५५. मालिका जिंकण्याची शक्यता येते ५९.४ टक्के. आधी आली होती ५९.३. सामन्यागणिक होणाऱ्या अशा फरकाने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते ती सरासरीच चुकल्यावर. खरी शक्यता ५२ टक्के असेल तर मालिकेची ५४ वर येते, आणि १६२ सामन्यांच्या मोसमावरून ५२ आणि ५५ यांतला फरक खात्रीने सांगणं अवघड आहे.

चार वर्षं लागोपाठ हरण्याचं काय? दर वर्षी ५९ टक्के धरले तर चारही मालिका हरण्याची शक्यता साधारण छत्तीसात एक. खरोखर तुल्यबळ संघ होते असं धरलं तर सोळात एक. दुर्मीळ, पण लीगमध्ये तीस संघ आहेत आणि वर्षानुवर्षं खेळतायत. कुणाच्या तरी वाट्याला हे येणारच, आणि ज्याच्या वाट्याला येईल त्याच्याचबद्दल आपण कारणं शोधत बसू. घडून गेल्यावर निवडलेल्या संघावरून ‘कच खाणारे’ असा शिक्का मारणं मला तरी पटत नाही. २००६ मध्ये ओकलंड पुन्हा ट्विन्ससमोर आले, या वेळी ९३ विजयांसह. ट्विन्सचे ९६ होते. म्हणजे कागदावर ओकलंड किंचित कमजोर, सामन्याला ४८ टक्क्यांवर. मालिका त्यांनी ३-० अशी जिंकली.

मग मालिका लांबवली तर? ५५ टक्क्यांच्या संघाला एका सामन्यात ५५, तिनांच्या मालिकेत ५७.५, पाचांच्या मालिकेत ५९, सातांच्या मालिकेत ६१ टक्के संधी मिळते. दर वेळी दोन सामने वाढवून दोनेक टक्के पदरात पडतात, आणि पुढे तेवढेही पडत नाहीत. चांगला संघ वीसपैकी एकोणीस वेळा जिंकावा अशी इच्छा असेल तर मालिका सुमारे २७० सामन्यांची लागेल. अमेरिकेतला पूर्ण मोसमही १६२ सामन्यांत आटोपतो.