जलोदरातला संसर्ग: ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका

लिव्हर सिरॉसिसमध्ये पोटात पाणी साठलं की घरातली माणसं दोन गोष्टींवर लक्ष ठेवतात: पोट किती वाढलं आणि पाय किती सुजले. त्या पाण्यात जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वैद्यकात याला स्पॉन्टेनियस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस, थोडक्यात एसबीपी म्हणतात. आतडं फुटलेलं नसतं, अपेंडिक्स सुजलेलं नसतं, कुठे गळूही नसतं. तरीही पाणी बाधित होतं. सिरॉसिसमध्ये आतड्याचं अस्तर सैल पडतं. तिथले जंतू रक्तात आणि पुढे पोटातल्या पाण्यात पोचतात. त्या पाण्यात जंतूंना रोखणारी प्रथिनं आधीच कमी असतात, आणि आजारी लिव्हरला रक्तातले जंतू नीट गाळता येत नाहीत.

या आजाराबद्दलचे गैरसमज जिवावर बेततात. ते समजून घेण्यासाठी एका रुग्णाचं उदाहरण घेऊ. रुग्ण कल्पित आहे, पण असे रुग्ण कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात भेटतात. वय 54, पोटातलं पाणी वगळून वजन 60 किलो, सिरॉसिसचं निदान दोन वर्षांपूर्वीचं. मागच्या महिन्यात ते आठवडाभर रुग्णालयात होते. आता दोन दिवसांपासून जरा गुंगीत आहेत, उत्तरं उशिरा देतात, लघवी कमी झाली आहे. ताप नाही, पोट दुखत नाही.

गैरसमज: पोटात संसर्ग असेल तर ताप येईल, पोट दुखेल.

बऱ्याच रुग्णांत यातलं काहीच होत नाही. कुणी नुसतंच सुस्त होतं, कुणाचं क्रिएटिनिन वाढतं, कुणाची कावीळ अचानक गडद होते. काहींत तर एकही लक्षण नसतं आणि संसर्ग फक्त तपासणीत सापडतो. पोट कडक न होण्याचंही कारण आहे: मधल्या पाण्यामुळे पोटाचं आवरण आणि आतडी एकमेकांना घासत नाहीत, त्यामुळे दुखण्याची खूण बुजून जाते. म्हणून सिरॉसिस आणि पोटात पाणी असलेला रुग्ण कोणत्याही कारणाने दाखल झाला, तरी पाण्याचा नमुना लगेच घ्यायचा असा नियम आहे. ही तपासणी बारा तासांहून लांबली तर मृत्यूचं प्रमाण वाढतं, असं दाखल रुग्णांच्या नोंदींतून दिसून आलं आहे. आपल्या रुग्णाची गुंगी आधी ‘अमोनिया वाढलाय’ म्हणून लॅक्टुलोजवर सोडून दिली जाऊ शकते. लॅक्टुलोज द्यावंच, पण गुंगी मुळात कशामुळे आली हे पाणी तपासल्याशिवाय कळत नाही.

गैरसमज: रक्त पातळ आहे, प्लेटलेट कमी आहेत, सुई घातली तर रक्तस्राव होईल.

आपल्या रुग्णाचा आयएनआर 1.9 आहे आणि प्लेटलेट 62,000. हे आकडे पाहून घरचे घाबरतात, कधी डॉक्टरही कचरतात आणि आधी प्लाझ्मा चढवू म्हणतात. सिरॉसिसमध्ये रक्त गोठवणारे आणि गोठणं रोखणारे असे दोन्ही घटक कमी झालेले असतात. आयएनआरमध्ये त्यातली एकच बाजू दिसते, त्यामुळे सुईनंतर कोणाला रक्तस्राव होईल हे त्यावरून सांगता येत नाही. गंभीर रक्तस्राव शंभरात एकालाही होत नाही. नमुन्यासाठी नेहमीच प्लाझ्मा किंवा प्लेटलेट देण्याची गरज नसते. शरीरभर रक्त गोठण्याची प्रक्रियाच बिघडली असेल, तर मात्र थांबावं लागतं.

दुसरी भीती अशी की एकदा पाणी काढलं की सवय लागते आणि माणूस खचतो. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. श्वास कोंडला म्हणून पाच-सहा लिटर पाणी काढणं हा उपचार आहे, आणि तेव्हा अल्ब्युमिन द्यावं लागतं. निदानासाठी जेमतेम 30 ते 50 मिली पाणी घेतात. सुई बहुधा पोटाच्या डाव्या खालच्या भागात, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून साधारण तीन सेंटिमीटर आत आणि वर घालतात, शक्यतो सोनोग्राफीने जागा पाहून.

या पाण्याचं पुढे काय होतं, यावर बरंच काही ठरतं. थोडं पाणी पेशी मोजण्यासाठी जातं. कल्चरसाठी दहा-दहा मिली पाणी रुग्णाच्या खाटेपाशीच ब्लड कल्चरच्या बाटल्यांत भरायला हवं. साध्या नळीतून प्रयोगशाळेत पाठवून तिथे पेरलं तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच घटते. प्रथिनं आणि अल्ब्युमिनही पहिल्या नमुन्यातच मोजतात. हे सगळं अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी व्हायला हवं, कारण एका डोसानंतर काही तासांतच कल्चर बहुतेकदा कोरं येतं.

गैरसमज: कल्चरमध्ये काही वाढलं नाही, म्हणजे संसर्ग नाही.

निदान कल्चरवर होत नाही, न्यूट्रोफिल पेशींच्या संख्येवर होतं. एका घन मिलिमीटरमध्ये 250 किंवा त्याहून जास्त न्यूट्रोफिल सापडले की एसबीपी धरून उपचार सुरू करायचे. कल्चर पद्धतशीर केलं तरी अनेक रुग्णांत ते कोरंच येतं, आणि त्याचा निकाल यायला दोन दिवस लागतात. पेशी तासाभरात मोजून होतात.

रिपोर्टमध्ये मात्र बहुतेकदा न्यूट्रोफिलचा थेट आकडा नसतो. आपल्या रुग्णाच्या रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी 1,200 आणि न्यूट्रोफिल 70 टक्के असं लिहिलं आहे. गुणाकार केला की 840 येतात, म्हणजे निदान पक्कं. सुई लागताना रक्त मिसळलं असेल, तर दर 250 लाल पेशींमागे एक न्यूट्रोफिल वजा करतात. आपल्याकडे आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते: पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत पण त्यात लिम्फोसाइटच जास्त असतील, तर पोटाच्या टीबीचा विचार करायला हवा. पाण्यात एकाहून अधिक प्रकारचे जंतू सापडले, किंवा साखर फार कमी आणि प्रथिनं बरीच जास्त निघाली, तर आतडं फुटल्याचा संशय घेऊन सीटी स्कॅन करतात. त्या आजाराला शस्त्रक्रिया लागते, नुसत्या अँटिबायोटिकने तो बरा होत नाही.

गैरसमज: एकच ठरलेलं इंजेक्शन सगळ्यांना चालतं.

घरून थेट आलेल्या आणि नजीकच्या काळात रुग्णालयात न राहिलेल्या रुग्णासाठी सेफोटॅक्सिम किंवा सेफ्ट्रायॅक्सोन, पाच ते सात दिवस, ही पाठ्यपुस्तकातली निवड आहे. पण आपल्या रुग्णाने मागच्याच महिन्यात रुग्णालयात आठवडा काढला आहे. अशा माणसाच्या आतड्यात औषधांना दाद न देणारे जंतू असण्याची शक्यता मोठी असते. सिरॉसिसमधल्या संसर्गांचा जगभरातून केलेला मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे जंतू आशियात, आणि विशेषतः भारतात, सर्वांत जास्त आढळले. म्हणून आपल्याकडे पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेमने सुरुवात करण्याचा निर्णय त्या रुग्णालयातल्या जंतूंचा कल पाहून घ्यावा लागतो. सगळ्यांना सरसकट मेरोपेनेम देणंही घातक, कारण त्याने पुढचा प्रतिरोध वाढतो.

समजा, आपल्या रुग्णाला आधी सेफ्ट्रायॅक्सोनच दिलं. औषध लागू पडतंय की नाही, हे 48 तासांनी पुन्हा पाणी काढून पाहतात. न्यूट्रोफिल किमान 25 टक्क्यांनी उतरायला हवेत, म्हणजे 840 वरून 630 किंवा त्याखाली. दुसऱ्या नमुन्यात 760 निघाले. रुग्ण जरा बरा वाटत असला तरी हे अपयशच आहे. औषध बदलून मेरोपेनेम सुरू झालं. त्याच संध्याकाळी कल्चरचा निकाल आला: इ. कोलाय, सेफ्ट्रायॅक्सोन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दोन्हींना दाद न देणारा. आणखी दोन दिवसांनी न्यूट्रोफिल 210 वर आले. दुसरं टॅपिंग ‘आता कशाला’ म्हणून टाळलं असतं, तर हे बिनकामाचं औषध आठवडाभर चालू राहिलं असतं.

गैरसमज: अल्ब्युमिन म्हणजे अशक्तपणाची महागडी बाटली.

इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. महाग म्हणून हीच बाटली सर्वांत आधी वगळली जाते. एसबीपीमध्ये ती ताकदीसाठी देत नाहीत, किडनी वाचवण्यासाठी देतात. संसर्गामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात, किडनीला रक्त कमी पडतं आणि जंतू मेले तरी किडनी बंद पडू शकते. 1999 मध्ये स्पेनमध्ये 126 रुग्णांवर झालेल्या चाचणीत अर्ध्यांना फक्त अँटिबायोटिक दिलं आणि अर्ध्यांना त्यासोबत अल्ब्युमिन. किडनी बिघडण्याचं प्रमाण 33 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आलं, आणि रुग्णालयातले मृत्यू 29 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर.

मात्रा ठरलेली आहे: पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी किलोमागे एक ग्रॅम. 60 किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी 90 ग्रॅम लागतात. 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम असतात, म्हणजे साडेचार बाटल्या; तिसऱ्या दिवशी तीन. बिलिरुबिन 4 च्या वर किंवा क्रिएटिनिन 1 च्या वर असेल तर फायदा सर्वांत जास्त होतो. आपल्या रुग्णाचे आकडे 5.2 आणि 1.4 आहेत, तेव्हा त्याच्या बाबतीत कपात करणं योग्य नाही. बाटल्या देताना श्वासाकडे लक्ष ठेवावं लागतं, कारण छातीत पाणी साचू शकतं.

उलटा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. रक्तातलं अल्ब्युमिन 2.4 आहे म्हणून रोज एक बाटली चढवत राहण्याने भलं होत नाही. ब्रिटनमध्ये दाखल रुग्णांना रक्तातलं अल्ब्युमिन वाढवण्यासाठी रोज बाटल्या दिल्या गेल्या. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत फायदा दिसला नाही, छातीत पाणी होण्याचं प्रमाण मात्र वाढलं.

एसबीपीचे उपचार चालू असताना डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं आणि जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं टाळायला हवीत. ती थेट किडनीवर घाला घालतात.

गैरसमज: कोर्स संपला, आता अँटिबायोटिकची गरज नाही.

एकदा एसबीपी झालेल्यांमध्ये तो परत होणं फार सामान्य आहे. 1990 मधल्या चाचणीत वर्षभरात तो 68 टक्के रुग्णांत परतला. रोज 400 मिलिग्रॅम नॉरफ्लॉक्सासिन घेणाऱ्यांत हे प्रमाण 20 टक्के होतं. म्हणून अशा रुग्णांना गोळी दीर्घकाळ सुरू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. जलोदर असलेल्या प्रत्येकाला मात्र ती लागत नाही. एसबीपी कधीच झालेला नसेल, तर पाण्यातली प्रथिनं 1.5 ग्रॅमपेक्षा कमी असून शिवाय लिव्हर किंवा किडनी बरीच बिघडलेली असेल तरच तिचा विचार होतो. रक्ताची उलटी झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णाला वेगळ्या कारणासाठी जास्तीत जास्त सात दिवस सेफ्ट्रायॅक्सोन देतात.

आपल्या रुग्णाच्या जंतूने सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद दिली नव्हती. त्याच कुळातलं नॉरफ्लॉक्सासिन त्याला फारसं उपयोगी पडणार नाही. कल्चरमध्ये को-ट्रायमोक्साझोल लागू पडतं असं दिसलं, तर ते देता येतं. पण हे औषध आणि पाणी उतरवण्यासाठी दिलेलं स्पायरोनोलॅक्टोन, दोन्ही पोटॅशियम वाढवतात. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ताची तपासणी चुकवून चालत नाही. शिवाय नॉरफ्लॉक्सासिनच्या कुळातली औषधं टीबी अर्धवट दाबून ठेवतात. दीर्घकाळ चालणारा खोकला, उतरत जाणारं वजन किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर ती सुरू करण्याआधी टीबी तपासून घ्यावा लागतो.

ही गोळी जंतूंना थोपवते, लिव्हर बरं करत नाही. एसबीपी हे लिव्हर फार थकल्याचं लक्षण आहे, त्यामुळे प्रत्यारोपणासाठी योग्य असलेल्या रुग्णाची नोंदणी आणि तपासण्या याच दाखल असण्याच्या काळात सुरू करतात. गोळी कधी थांबवायची, हे प्रत्यारोपण झालं का किंवा दारू सोडल्यावर वा हिपॅटायटिसच्या उपचाराने लिव्हर सुधारून पोटातलं पाणी खरोखर ओसरलं का, हे पाहून डॉक्टर ठरवतात. तोवर नव्याने गुंगी आली, लघवी घटली किंवा कावीळ वाढली, तर त्याच दिवशी पाण्याचा नमुना पुन्हा घेतला जावा, आणि रुग्ण कोणती गोळी घेतोय हे नातेवाइकांनी अपघात विभागात सर्वांत आधी सांगावं.