दातात फिलिंग केल्यानंतर सणक का येते? ती किती दिवस राहते आणि डॉक्टरांकडे परत कधी जावे?

कीड लागलेली दाढ साफ करून त्यात फिलिंग केले. घरी येऊन थंड पाणी प्यायले आणि दाढेतून जोरात सणक गेली. अशा वेळी "आधी तर दुखत नव्हती, फिलिंगमुळेच दाढ बिघडली" असे वाटणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा ही सणक तात्पुरती असते. काही वेळा मात्र तीच पुढच्या त्रासाची पहिली सूचना असते. या दोन्हींतला फरक तुम्हाला घरीच बऱ्याच प्रमाणात ओळखता येतो. त्यासाठी दुखणे किती जोरात आहे यापेक्षा ते किती वेळ टिकते आणि दिवसेंदिवस कमी होते की वाढते, याकडे लक्ष द्या.

सणक येते कशी?

दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाला एनॅमल म्हणतात. त्याच्या आत डेंटिनचा थर असतो आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व नसा असलेला मऊ भाग असतो. त्याला आपण बोलताना 'दाताची नस' म्हणतो. डेंटिनमध्ये अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. थंड पदार्थ लागला की हा द्रव हलतो आणि त्याचा धक्का आतल्या नसेला कळीच्या रूपाने जाणवतो.

कीड काढताना ड्रिलमुळे या नळ्यांची तोंडे उघडी पडतात. ड्रिलची कंपने आणि उष्णता यांमुळे आतल्या नसेला थोडी सूजही येते. कीड जितकी खोल, तितके फिलिंग नसेच्या जवळ जाते आणि सणक येण्याची शक्यता वाढते. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट फिलिंग निळ्या प्रकाशाने कडक करतात. कडक होताना ते किंचित आकसते. त्यामुळे दातावर ताण येऊ शकतो किंवा फिलिंगच्या कडेला सूक्ष्म फट राहू शकते. चांदीच्या फिलिंगमधून थंड-गरम लवकर आत पोहोचते, म्हणून त्यानंतरही काही दिवस दात शिवशिवतो.

चावताना दुखते, याचे कारण बरेचदा वेगळे असते

थंड लागल्यावर येणारी सणक आणि घास चावताना होणारे दुखणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फिलिंगच्या वेळी इंजेक्शनने जबडा बधिर केलेला असतो. डॉक्टर रंगीत कागद दातांमध्ये धरून "चावून बघा" म्हणतात, पण बधिरपणामुळे आपण नेहमीसारखे चावत नाही. मग फिलिंगचा एखादा बिंदू किंचित उंच राहून जातो. बधिरपणा उतरल्यावर प्रत्येक घासाला समोरचा दात आधी त्याच बिंदूवर आपटतो. दाताभोवतीचे तंतू त्यामुळे दुखावतात आणि ती दाढ 'वर आल्यासारखी' वाटते.

हे दुखणे वाट पाहून जाईलच असे नाही. उपाय मात्र सोपा आहे. डॉक्टर पुन्हा रंगीत कागद ठेवून उंच भाग शोधतात आणि तेवढाच घासून काढतात. बहुधा त्यासाठी इंजेक्शनही लागत नाही.

एक उदाहरण पाहू

समजा, मंगळवारी संध्याकाळी तुमच्या खालच्या दाढेत खोल फिलिंग झाले. रात्री बधिरपणा उतरल्यावर थंड पाण्याने सणक आली, पण घोट गिळल्यावर चार-पाच सेकंदांत थांबली. बुधवारी भाकरीचा घास चावताना त्याच दाढेत कळ आली. गुरुवारी आणि शुक्रवारीही तसेच झाले, म्हणून तुम्ही दुसऱ्या बाजूने जेवू लागलात.

इथे दोन त्रास एकत्र आहेत. थंडाची सणक काही सेकंदांत थांबते, म्हणजे नस चिडली आहे, पण सावरू शकते. चावतानाचे दुखणे फिलिंग उंच राहिल्याचे सुचवते. शनिवारी डॉक्टरांनी उंच भाग घासला आणि पुढच्या काही दिवसांत घास नीट चावता येऊ लागला. थंडाची सणक रोज थोडी कमी होत दोन-तीन आठवड्यांत गेली. हा दाखवण्यासारखा, पण घाबरण्यासारखा त्रास नव्हता.

आता हेच चित्र थोडे बदलू. चहाचा घोट घेतल्यावर सुरू झालेला ठणका कप खाली ठेवल्यावरही पाच-दहा मिनिटे चालू राहतो. काहीही न खाता-पिता दाढ ठणकते. रात्री आडवे झाले की दुखणे वाढते आणि झोपमोड होते. याचा अर्थ आतल्या नसेची सूज बहुधा परत न फिरणाऱ्या टप्प्यावर गेली आहे. अशा दाढेला सहसा रूट कॅनाल उपचार लागतात. दरवेळी याचा दोष फिलिंगकडे जात नाही. कीडच खोलवर गेलेली असेल, तर नस आधीपासूनच आजारी असू शकते.

किती दिवस वाट पाहावी?

लहान फिलिंगनंतरची सणक बहुधा काही दिवसांत जाते. खोल फिलिंगनंतर ती दोन ते चार आठवडे राहू शकते. या काळात ती हळूहळू कमी व्हायला हवी. पुढील परिस्थितीत वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा:

- थंड किंवा गरम लागल्यानंतरचे दुखणे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त रेंगाळते.
- आपोआप ठणका येतो किंवा रात्री जाग येते.
- दोन-तीन दिवसांनंतरही चावताना दुखते.
- चावल्यावर, विशेषतः दाब सोडताना, टोकदार कळ येते. दाढेला तडा गेल्यास असे होऊ शकते.
- सणक दिवसेंदिवस वाढते किंवा चार आठवड्यांनंतरही तशीच राहते.

हिरडीवर पुवाची पुळी, गालाला सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तोंड उघडायला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असल्यास थेट रुग्णालय गाठा.

तोपर्यंत घरी काय करावे?

बर्फाचे पाणी, आइस्क्रीम आणि कढत चहा काही दिवस टाळा. घास दुसऱ्या बाजूने चावा, पण त्या दाढेवर मऊ ब्रश फिरवणे थांबवू नका. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची टूथपेस्ट वापरता येईल. तिचा परिणाम दिसायला रोज वापरूनही दोन-एक आठवडे लागतात. दुखलेच तर तुम्हाला चालत असलेली पॅरासिटामॉलसारखी गोळी, पाकिटावरील मात्रेप्रमाणे घ्या. गोळी कुटून हिरडीवर ठेवू नका आणि लवंगेचे तेल थेट ओतू नका, त्याने हिरडी भाजते. मनाने अँटिबायोटिकही घेऊ नका. नसेची सूज त्याने जात नाही.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवून सांगा: दुखणे कशाने सुरू होते, किती वेळ टिकते आणि पहिल्या दिवसापेक्षा कमी आहे की जास्त. उंच भाग घासायचा, काही दिवस थांबायचे की नसेवर उपचार करायचे, हे ठरवताना एक्स-रेइतकाच तुमच्या या उत्तरांचाही उपयोग होतो.